सराव-पत्रक 4: कानाला फसवणाऱ्या जोड्या (वाचन आणि श्रवण)

संध्याकाळचा इंग्रजी संभाषण वर्ग, नाशिकरोड. वेळ: 40 मिनिटं. दोघादोघांनी बसा.

सगळे शब्द मुद्दाम देवनागरीत दिले आहेत. स्पेलिंग दिसलं की डोळा आधी उत्तर देतो आणि कान आळशी होतो. या पत्रकात व म्हणजे ओठांचा गोल करून काढलेला आवाज आणि व्ह म्हणजे वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढलेला. आपण एरवी ‘व्हेल मासा’, ‘व्हाइट’, ‘व्हील’ असं लिहितो, पण इंग्रजीत ते तिन्ही शब्द गोल ओठांचे आहेत. म्हणून इथे वेल, वाइट, वील.

भाग 1. व आणि व्ह

यावर सर्वांत जास्त वेळ द्या. मराठी ‘व’ या दोहोंच्या मधला आहे. दात ओठाच्या जवळ येतात, पण घासत नाहीत. त्यामुळे आपल्याला दोन्ही आवाज एकच वाटतात, आणि ऐकणाऱ्याला आपला शब्द कधी हा वाटतो, कधी तो. समोर आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा धरा. ‘व्ह’ला दात दिसले पाहिजेत आणि ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. ‘व’ला दात अजिबात दिसता कामा नयेत.

व्हेट (जनावरांचा डॉक्टर) – वेट (ओला)
व्हाइन (वेल) – वाइन (मद्य)
व्हेस्ट (बनियन) – वेस्ट (पश्चिम)
व्हर्स (कवितेचं कडवं) – वर्स (आणखी वाईट)

*वाचन.* योग्य शब्द निवडून वाक्य मोठ्याने वाचा.
1. द सन सेट्स इन द (व्हेस्ट / वेस्ट).
2. टेक द काउ टू द (व्हेट / वेट).
3. हिज कॉफ इज (व्हर्स / वर्स) टुडे.

*श्रवण.* जोडीदार पान 2 वरून वाचेल. दोन्ही शब्द एकच असतील तर ‘स’ (सारखे), नसतील तर ‘वे’ (वेगळे) लिहा.
4. ___ 5. ___ 6. ___ 7. ___

भाग 2. शिप आणि शीप

‘दिन’ आणि ‘दीन’ आपण वेगळे लिहितो, बोलताना मात्र फरक बहुतेक वेळा राहत नाही. इंग्रजीत तो राहायलाच हवा. नुसतं लांबवून भागत नाही: ‘शीप’ला ओठ हसल्यासारखे ताणले जातात, ‘शिप’ला जबडा सैल आणि जीभ किंचित खाली.

शिप (जहाज) – शीप (मेंढी). लिव्ह (राहणे) – लीव्ह (निघून जाणे). फिल (भरणे) – फील (वाटणे)

*श्रवण.* वाक्यात दोन्ही शब्द चालतात, म्हणून अर्थावरून अंदाज करता येणार नाही. ऐकलेल्या शब्दाला गोल करा.
8. आय वाँट टू (लिव्ह / लीव्ह) हिअर.
9. लुक अ‍ॅट दॅट (शिप / शीप).

भाड्याची खोली बघायला गेल्यावर वाक्य 8 चुकलं, तर घरमालक नेमकं उलट समजेल.

भाग 3. शेवटचा स आणि झ

इथे शेवटच्या अक्षराकडे कान लावून बसू नका. खूण त्याच्या आधीच्या स्वरात आहे: ‘स’च्या आधी स्वर आखूड, ‘झ’च्या आधी लांब. आइस पटकन संपतो, आइझ रेंगाळतो.

आइस (बर्फ) – आइझ (डोळे). प्राइस (किंमत) – प्राइझ (बक्षीस). लूस (सैल) – लूझ (हरवणे)

‘कपडे लूज झाले’ ही आपली रोजची सवय. इंग्रजीत सैल कपडे ‘लूस’ असतात.

*वाचन.*
10. डोन्ट (लूस / लूझ) युअर टिकेट.
11. धिस शर्ट इज टू (लूस / लूझ).

*श्रवण.*
12. इट वॉज अ गुड (प्राइस / प्राइझ).
13. शी हॅज (आइस / आइझ) लाइक ग्लास.

भाग 4. झटपट

पेन–पॅन, मेन–मॅन: ‘अ‍ॅ’ला तोंड जास्त उघडा. कोट–कॉट: ‘ओ’ला ओठ शेवटी मिटत जातात, ‘ऑ’ला तसेच राहतात.

*श्रवण.*
14. आय लॉस्ट माय (पेन / पॅन).
15. वेअर इज द (कोट / कॉट)?

पान 2. फक्त वाचणाऱ्यासाठी

तोंडासमोर कागद धरा, म्हणजे जोडीदार ओठांवरून ओळखणार नाही. प्रत्येक ओळ दोनदा, नेहमीच्या वेगाने वाचा. शब्दावर मुद्दाम जोर देऊ नका. बाहेर कोणी तसा जोर देत नाही.

4. व्हेट – वेट
5. वाइन – वाइन
6. व्हेस्ट – व्हेस्ट
7. वर्स – व्हर्स
8. आय वाँट टू लीव्ह हिअर.
9. लुक अ‍ॅट दॅट शिप.
12. इट वॉज अ गुड प्राइझ.
13. शी हॅज आइझ लाइक ग्लास.
14. आय लॉस्ट माय पॅन.
15. वेअर इज द कोट?

उत्तरं

वाचन: 1 वेस्ट, 2 व्हेट, 3 वर्स, 10 लूझ, 11 लूस.
श्रवण: 4 वे, 5 स, 6 स, 7 वे, बाकीची पान 2 वरून तपासा. उत्तर जुळलं नाही तर आधी वाचणाऱ्याने तो शब्द पुन्हा आरशात म्हणून पाहावा, मग ऐकणाऱ्याची चूक धरावी. त्यानंतर जागा बदला, आणि प्रत्येक जोडीतला दुसरा शब्द घेऊन श्रवणाचा भाग पुन्हा करा.