विषय : व्याख्यानांच्या ध्वनिचित्रमुद्रणासाठी सर्व्हरवर ३ टीबी जागा मिळणेबाबत

दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
प्रमुख, आयटी विभाग
दादर, मुंबई

महोदय,

या सत्रापासून रोज सहा तासिकांचे चित्रीकरण होते. १०८०पी, ४ एमबीपीएस या दराने तासाला सुमारे १.८ जीबी, म्हणजे दिवसाला ११ आणि ९० दिवसांच्या सत्रात जवळपास १ टीबी. दोन सत्रे ठेवायची, शिवाय संपादनाच्या मूळ फाइली. म्हणून ३ टीबी.

सध्या सगळे दोन पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहे आणि दुसरी प्रत कशाचीच नाही. गेल्या आठवड्यात कॉपी चालू असताना वीज गेली. अर्थशास्त्राच्या तासिकेची फाइल अर्धीच उतरली. कॅमेऱ्याचे कार्ड आधीच पुसले होते, त्यामुळे ती तासिका गेली ती गेलीच. म्हणून जागा रेड-६ वर असावी आणि रात्रीची बॅकअप प्रत दुसऱ्या इमारतीत जावी. एकट्या रेडला बॅकअप समजू नये, चुकून पुसलेले त्यातून परत मिळत नाही.

लिहिण्याची परवानगी कक्षातील दोघांनाच, विद्यार्थ्यांना फक्त पाहण्याची. अपलोड रात्री १० नंतर `rsync --partial` ने करू, म्हणजे दिवसा नेटवर्कवर ताण येणार नाही आणि तुटलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागणार नाही.

डिस्कवर आता ७० जीबीच उरले आहेत, जेमतेम सहा दिवसांचे. शुक्रवारपर्यंत निदान ५०० जीबी तरी द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
समन्वयक, माध्यम कक्ष