शिळाछापाची शाई आणि छापील पंचांगाचा स्वीकार

गणपत कृष्णाजी यांनी शके १७५३ चे पंचांग १८३१ साली मुंबईत शिळाछापावर काढले, आणि मराठी मुद्रणाच्या इतिहासात त्याचा उल्लेख ‘पहिले छापील मराठी पंचांग’ म्हणून नेहमी होतो (प्रियोळकर १९५८).¹ हे पंचांग प्रथम कोणी छापले, याची चर्चा भरपूर झाली. ते लोकांनी घरात कसे येऊ दिले, याची मात्र फारशी झालेली नाही. तोवर जोशांनी हाताने लिहून दिलेले पंचांगच घरोघरी वापरात होते. वर्षप्रतिपदेस त्याचे वाचन होई, ते देवघराजवळ ठेवले जाई, आणि व्रत, श्राद्ध, मुहूर्त या सर्वांसाठी वर्षभर हाताळले जाई. अशा वस्तूला शाईच्या विटाळाची शंका चिकटणे ही किरकोळ अडचण नव्हती. सनातनी मंडळी छापील कागदास शिवण्यास कचरत असत, असे माडगावकरांनी नोंदवून ठेवले आहे (माडगावकर १८६३),² आणि या भीतीच्या मुळाशी शाईत प्राण्यांची चरबी असते ही समजूत होती. ही समजूत अडाणीपणाची म्हणून झटकून टाकण्याची रीत आपल्या काही मुद्रणेतिहासांत दिसते. मला ती अन्यायाची वाटते, कारण निदान शिळाछापापुरती ही शंका वस्तुस्थितीला धरूनच होती.

¹ येथे ‘पहिले’ हे विशेषण पंचांगापुरतेच समजावे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ साली देवनागरी खिळ्यांत, तर त्यांचा मराठी कोश १८१० साली मोडी खिळ्यांत छापला गेला होता. मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ पासून मराठी मजकूर छापण्यास आरंभ केला होता. मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली ती १८०५ साली. तो प्रयत्न मिशनऱ्यांच्या उद्योगाहून स्वतंत्र असून तो स्वतंत्रपणेच अभ्यासला पाहिजे.

² माडगावकरांचा जन्म १८१५ चा, म्हणजे पंचांग निघाले तेव्हा ते सोळा वर्षांच्या आसपास होते. त्यांचे पुस्तक मात्र त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळाने आणि गणपत कृष्णाजी १८६० साली वारल्यानंतर प्रसिद्ध झाले. त्यांची साक्ष समकालीन मुंबईकराची असली तरी ती मागे वळून दिलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

शिळाछापाची कृती पाहिली म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. चुनखडीच्या जातीचा बारीक पोताचा दगड³ वाळू व पाणी घालून सपाट घासून घेतात आणि त्यावर तेलकट शाईने मजकूर उमटवतात. हा मजकूर थेट दगडावर लिहायचा तर उलटा लिहावा लागतो; त्याऐवजी विशिष्ट लेप दिलेल्या कागदावर तो सुलटा लिहून दाबाखाली दगडावर उतरवण्याचीही सोय असते. त्यानंतर पातळ आम्ल मिसळलेले गोंदाचे पाणी दगडावर फिरवतात, त्यामुळे अक्षरांतली स्निग्धता दगडात मुरते आणि कोऱ्या भागाला पाणी धरून ठेवण्याचा गुण येतो. पुढे प्रत्येक प्रतीच्या आधी दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला, की ओल्या भागावर शाई चढत नाही, ती फक्त अक्षरांवर बसते. अक्षर येथे उठावाचेही नसते आणि खोदलेलेही नसते. ते केवळ स्निग्धतेच्या बळावर दगडावर टिकून असते. खिळ्यांच्या छपाईत अक्षराचा आकार धातूत असतो, तेथे शाई बदलली तरी आकाराला धक्का लागत नाही. शिळाछापात स्निग्ध द्रव्य काढून टाकले तर अक्षरच उरत नाही, आणि युरोपात दगडावर लिहिण्याच्या शाईत साबण व मेण यांच्याबरोबर चरबी वापरण्याची पद्धत रूढ होती. तेव्हा चरबी नको म्हणणाऱ्या ग्राहकापुढे शिळाछाप्याला एकच मार्ग मोकळा होता: एका स्निग्ध पदार्थाच्या जागी ग्राहकास चालेल असा दुसरा स्निग्ध पदार्थ आणणे.

³ शिळाछापाचा शोध आलॉइस झेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास बव्हेरियात लावला आणि त्यासाठी तेथील झोल्नहोफेनच्या खाणींतील दगड सर्वोत्तम मानला जाई. असा दगड मुंबईत सहज मिळणारा नव्हता.

गणपत कृष्णाजींच्या छापखान्यात शाईसाठी तूप वापरले जाई, ही परंपरेने चालत आलेली माहिती या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. ती बहुधा धार्मिक भावनेला दिलेली सवलत म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती त्याहून मोठी गोष्ट आहे, कारण येथे धर्माची अट आणि तंत्राची अट या दोन्ही एकाच द्रव्याने पुऱ्या होतात: तूप स्निग्ध आहे म्हणून दगडाला चालते, आणि शुद्ध मानले जाते म्हणून देवघरालाही चालते.⁴ हा पर्याय सुचण्यासाठी शाई आतून कशाची बनते हे ठाऊक असावे लागते. ते ज्ञान गणपत कृष्णाजींना होते, याला माडगावकरांच्या हकिगतीतच आधार सापडतो. अमेरिकन मिशनची शिळाछाप पाहून त्यांच्या मनात हा उद्योग काढण्याचे आले. त्यांनी लाकडी यंत्र स्वतः तयार केले, योग्य दगडाचे लहान तुकडे शोधून त्यांवर प्रयोग केले आणि शाईही स्वतःच बनवली (माडगावकर १८६३). तयार शाई आणून वापरणाऱ्या छापखान्याला तिच्यातले द्रव्य बदलणे अवघड गेले असते. जो माणूस शाई स्वतः खलत होता त्याला ते करता आले. ते भंडारी समाजातले होते हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे, कारण जोशांच्या हातची वस्तू अशा घरातल्या कारागिराने छापून विकावी आणि ब्राह्मणांनीही ती घ्यावी, हा बदल त्या काळात लहान नव्हता.

⁴ शाईतले सगळेच स्निग्ध द्रव्य तुपाचे होते की दगडावर लिहिण्याची शाई आणि रुळाची शाई यांत भेद केला जाई, हा प्रश्न जुन्या प्रतींच्या कागदाची रासायनिक तपासणी झाल्याखेरीज सुटणार नाही. ग्रंथालयांनी आपल्याकडील शिळाछापाच्या प्रती अशा तपासणीसाठी खुल्या कराव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ज्या प्रती आज आहेत, त्यांचे कागद दरवर्षी अधिक ठिसूळ होत आहेत.

शाईची शंका मिटल्यावरही पानाचे रूप परके वाटले असते तर पंचांग अडले असते. येथे शिळाछापाचा दुसरा गुण कामी आला. त्यात लेखकाचे वळण जसेच्या तसे उतरते, त्यामुळे छापील पान हस्तलिखितासारखेच दिसते. कोष्टकांच्या रेघा, तिथी-नक्षत्रांची आखडलेली अक्षरे आणि समासातल्या खुणा खिळ्यांच्या चौकटीत बसवण्याचा खटाटोप करावा लागत नाही. पोथीच्या आडव्या पानांची अनेक धार्मिक पुस्तके खिळ्यांची छपाई सुलभ झाल्यानंतरही शिळाछापावरच निघत राहिली, त्यामागे हेच कारण असावे. खुद्द गणपत कृष्णाजी पुढे खिळ्यांच्या छपाईकडे वळले आणि त्यासाठी अक्षरे पाडण्याचे कामही त्यांनी हाती घेतले (प्रियोळकर १९५८, नाईक १९७१).⁵

⁵ याच वाटेने पुढे गेलेले दुसरे कारागीर म्हणजे जावजी दादाजी (१८३९–१८९२). अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या जावजींनी राणूजी रावजी आरू यांच्या साहाय्याने देवनागरी खिळ्यांना जे सौष्ठव आणले, त्यानंतर पंचांगासाठीही खिळ्यांचे अक्षर वाचकांना परके राहिले नाही. त्यांच्या निर्णयसागर छापखान्याचा विचार पुढील प्रकरणात केला आहे.