शोभाताई, रसिकाच्या पत्रिकेबद्दल

शोभाताई, नमस्कार.

काल रात्री फोनवर तुम्ही एकच प्रश्न तीनदा विचारला, "काका, पोरीचं लग्न टिकेल ना?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण रसिका-निखिलच्या दोन्ही पत्रिका पुन्हा समोर घेऊन बसायचं होतं. आज पहाटे बसलो. मोठा मेसेज आहे, निवांत वाचा. वाटलं तर रसिकालाही दाखवा.

आधी नाडीचं बोलतो, कारण साखरपुड्यात कोणीतरी "एक नाड आहे, कसं काय जमवलं?" म्हटल्यापासून तुमची झोप उडाली आहे. बोलणारं चुकीचं बोललं नाही. रसिकाचं नक्षत्र उत्तराषाढा, निखिलचं श्रवण, दोघांचीही अंत्य नाडी. 36 पैकी नाडीचे 8 गुण तिथे जातात. पण दोघांची रास एकच, मकर, आणि नक्षत्रं वेगळी. अशा वेळी नाडीदोष धरू नये असा अपवाद शास्त्रातच दिलेला आहे. मी तो तुमच्या समाधानासाठी शोधून काढलेला नाही. राशीस्वामी एक, गण जमतात, भकूट पूर्ण मिळतं. या एका कारणावरून मोडावं असं हे स्थळ नाही. नाडीशांतीसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. मी तर मागणारच नाही.

त्यापेक्षा दोघांची सिकल सेलची रक्ततपासणी करून घ्या. आपल्या विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आडून बसलेला असतो. दोघेही वाहक निघाले तर होणाऱ्या प्रत्येक बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलला चौकशी करा. नाडीचा संबंध आपल्याकडे संततीशी लावतात ना, मग खरी काळजी तिथे घ्यायची. निखिलच्या घरी हे कसं बोलायचं म्हणून संकोचू नका, माझं नाव सांगा.

आता मंगळ. रसिकाचं सिंह लग्न, लग्नातच मंगळ आणि सोबत राहू. पोरगी तोंडावर बोलणारी आहे हे मला पत्रिकेतून कळायला नको, लहानपणापासून बघतो आहे. पण समोर सातव्या घरात गुरू बसलाय, त्याची पूर्ण दृष्टी तिच्या लग्नावर. रागाच्या भरात बोलेल, पण माणूस तोडणार नाही. सप्तमेश शनी मेषेत नीचेचा आहे खरा. त्यावर बोट ठेवून कोणी घाबरवलं तर सांगा, मेषेचा स्वामी मंगळ केंद्रात आहे, म्हणजे नीचभंग होतो, नीचपणाचा दोष उरत नाही.

निखिलची पत्रिका मला आवडली. 1995 च्या दसऱ्याच्या रात्रीचा जन्म, कर्क लग्न, आणि लग्नेश चंद्र थेट सातव्या घरात. अशा मुलाचं मन बायकोपाशी गुंततं. तिच्या चेहऱ्यावरून त्याचा दिवस चांगला की वाईट ते ठरतं. त्यालाही मंगळ आहे, चौथ्या घरात, म्हणून मंगळाला मंगळ जुळतो. मात्र चौथं घर आईचं आणि राहत्या घराचं. तिथे मंगळासोबत राहूही आहे. ताई, मला या सगळ्यात चिंता असेल तर एवढ्याचीच आहे. नवरा-बायकोत फारसं बिनसणार नाही. बिनसलं तर मनीषनगरच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बिनसेल, स्वयंपाकघर कोणाचं यावरून. निखिलची आई वाईट आहे असं मी म्हणत नाही. एकुलता एक मुलगा आहे, ती त्याला आजही डबा भरून देते, आणि रसिका सकाळी नऊला बँकेत निघणार. यावर लग्नाआधी बोलणं झालंय का? हुंड्याचं, सोन्याचं, हॉलचं सगळं आपण बोलतो. हे कोणी बोलत नाही.

काळाचंही सांगतो. दोघांची एकच रास म्हणजे चांगले दिवस एकत्र, तसे वाईटही एकत्र. मकरेची साडेसाती 2017 च्या जानेवारीत लागली आणि 29 मार्च 2025 ला संपली. त्या वर्षांत तुमच्या घरात काय काय झालं, मोठीला तुम्ही कशी परत घरी आणली, ते मी पाहिलंय. 2027 च्या जूनमध्ये शनी मेषेत येईल. तो मकरेला चौथा, म्हणजे अडीचकी, शनीचा अडीच वर्षांचा त्रासाचा काळ. मध्ये काही महिने वक्री होऊन मीनेत जाईल, पुन्हा येईल. त्यातच 2028 च्या सुरुवातीला निखिलची राहूची महादशा संपून गुरूची लागते. दशा बदलताना माणूस अस्वस्थ असतो, नोकरी बदलतो, घर बदलतो. रसिकाची राहूदशा 2036 पर्यंत आहे. लग्न तुळशीच्या लग्नानंतर या वर्षअखेरीस होणार, म्हणजे हा सगळा काळ त्यांच्या संसाराच्या पहिल्या तीन वर्षांतच येतो. तेव्हा वेगळं घर घ्यायचा विषय निघेल असं मला वाटतं. निघाला तर तुम्ही दोन्ही घरच्यांनी त्याला भांडण समजू नका.

आता तुमच्या प्रश्नाचं. टिकेल का, हे मी सांगू शकत नाही, ताई. चाळीस वर्षं पत्रिका पाहतोय. एका मुलीचे 32 गुण जुळले होते, मी स्वतः छातीठोकपणे हो म्हटलं होतं. चौदा महिन्यांत ती माहेरी आली. मुलगा प्यायचा, आणि ते मुलाकडच्यांनी लपवलं होतं. गल्लीतल्या पानठेल्यावर विचारलं असतं तरी कळलं असतं. त्या मुलीच्या वडिलांनी मला एक शब्द बोलला नाही, आणि तेच मला अजून सलतं. तेव्हापासून मी कोणालाही "टिकेल" म्हणत नाही. कुठे घासेल, कधी घासेल, एवढं सांगतो.

म्हणून निखिलच्या ऑफिसातल्या एखाद्या माणसाकडून, शेजाऱ्यांकडून चौकशी कराच. मिहानमध्ये आपल्या ओळखीची चार पोरं आहेत, मीही एकाला विचारून ठेवतो. मोठीच्या वेळी घाई झाली म्हणून आता प्रत्येक गोष्टीत खोट शोधू नका. रसिकाला ते दिसतं. परवा ती मला म्हणाली, "काका, आई माझ्याकडे बघते तेव्हा तिला ताईच दिसते." हे मी तुम्हाला सांगू की नको, असं दोन दिवस चाललं होतं मनात. सांगितलेलं बरं.

आणि तिला विचारलंय का कधी, की तुला हा मुलगा हवा आहे का? बैठकीत सगळ्यांसमोर नाही, स्वयंपाकघरात, दोघीच असताना. ती हो म्हणाली तर माझ्या दोन्ही पत्रिका बाजूला ठेवल्या तरी चालेल. नाही म्हणाली, किंवा गप्प राहिली, तर साखरपुडा झालाय म्हणून थांबू नका. मी स्वतः त्यांच्याकडे येऊन बोलेन.

रविवारी तिला घेऊन महालात या. पंधरा मिनिटं ती एकटी माझ्याशी बोलेल, तुम्ही काकूजवळ चहा घ्या. अकरानंतर घरीच आहे. गाडी बडकस चौकातच लावा, आमच्या गल्लीत जागा मिळत नाही.

वसंतकाका