शिंद्यांच्या अलीकडे, शिंद्यांच्या पलीकडे

बार्शीतल्या आमच्या किराणा दुकानात उधारीची खतावणी वहीत नव्हती, कार्डांवर होती. वहीत एखाद्याचं पान भरलं की उरलेला हिशेब कुठेतरी मागे जायचा, म्हणून अण्णांनी एका गिऱ्हाइकाला एक पिवळं कार्ड केलं. अशी सहाशे कार्डं चहाच्या लाकडी खोक्यात उभी असायची. कार्ड वापरून झालं की पुढे खोचायचं, एवढाच नियम. रोज येणारा लगेच सापडायचा. तूर विकून चार महिन्यांनी पैसे घेऊन येणाऱ्याला मात्र पोत्यावर बसवून चहा पाजावा लागे.

१९९४ च्या पावसाळ्यात, एका अमावस्येला, अण्णांनी दुकान बंद ठेवून कार्डं लावायला काढली. तेव्हा मी अकरावीत होतो. रिकामी पोती अंथरली आणि आडनावाच्या पहिल्या अक्षराचा एकेक ढीग केला. क, ग, ज, प झटपट झाले, पण शच्या ढिगाशी आम्ही अडलो. नुसते शिंदेच एकोणपन्नास निघाले. आणि शितोळे शिंद्यांच्या आधी की नंतर? अण्णा बराच वेळ दोन्ही कार्डं हातात धरून बसले. मग म्हणाले, "अनुस्वार आधी. शिंदे, मग शितोळे. बरोबर-चूक देव जाणे, पण एकदा ठरलं की सगळीकडे तेच." शिंद्यांच्या आत परत नावाप्रमाणे लावायचं होतं. दिवेलागण झाली तरी आम्ही पोत्यांवरच होतो.

आठवडाभर अण्णा लावलेल्या खोक्यातही पुढूनच चाळत होते. हाताची सवय मोडत नव्हती. एका संध्याकाळी लोखंडे मामा उभे होते आणि गर्दी दाटली होती. अण्णांनी लाकडी पट्टी खोक्याच्या बरोबर मध्ये खुपसली. पवार निघाला. ते थबकले.

"लोखंडे पवारांच्या अलीकडे नसणारच," ते स्वतःशीच बोलले. "म्हणजे ही अर्धी कार्डं बघायचीच नाहीत."

मागच्या अर्ध्याच्या मध्ये पट्टी घातली तर शिंदे. म्हणजे अलीकडे. मग मोरे. पलीकडे. मग वाघमारे. परत अलीकडे. आणखी तीन-चारदा पट्टी फिरली आणि लोखंडे मामांचं कार्ड हातात आलं. मामांचे पैसे अजून मोजून झाले नव्हते.

रात्री जेवण तसंच ठेवून अण्णांनी पुडीच्या कागदावर मांडलं: ६००, ३००, १५०, ७५, ३७, १८, ९, ४, २, १. "कुणीही येऊ दे, दहाव्या कार्डाला सापडलाच पाहिजे. आणि नाही सापडला तर तो खोक्यात नाहीच. शेवटी पट्टी जिथे थांबली, तिथेच त्याचं नवं कार्ड घालायचं!" त्यांचा आवाज चढला होता. आईनं ताट झाकून ठेवलं.

दिवाळीच्या आधी शितोळे काकू आल्या. पट्टी शिंद्यांत पडली, पलीकडे सरकली, थांबली. शितोळे नाहीच.

"काकू, तुमची काही बाकी नाही."

"असं कसं? तीनशे चाळीस हायत. मी घरनं मोजून आणलेत." त्यांनी पदराची गाठ सोडून नोटा फळीवर ठेवल्या.

अण्णांनी पहिल्या कार्डापासून चाळायला घेतलं. शितोळ्यांचं कार्ड सगळ्या शिंद्यांच्या अलीकडे निघालं. परत ठेवताना मीच ते तिथे खोचलं होतं. माझा चेहरा उतरला. अण्णा मला काही बोलले नाहीत. काकूंची रक्कम जमा करून त्यांनी हात जोडले. त्या रात्री सगळी कार्डं काढून त्यांनी प्रत्येक कार्ड त्याच्या शेजारच्याशी ताडून पाहिलं. पाचशे नव्व्याण्णव वेळा. "एक कार्ड इकडचं तिकडे झालं की पट्टी बिनदिक्कत उलट्या बाजूला नेते," म्हणाले. त्यानंतर कार्ड परत ठेवताना ते आधी मागचं-पुढचं नाव मोठ्यानं वाचायचे. मलाही वाचायला लावायचे.

पाडव्याला शेजारच्या किराणावाल्यानं वयामुळे दुकान आवरलं. त्याची सहाशेएक खाती आमच्याकडे आली. आईला धसका बसला, आता दुप्पट शोधावं लागणार. आम्ही चार रात्री बसून दोन्हीकडची कार्डं एकत्र लावली. अण्णांनी तोच पुडीचा कागद काढला आणि ६०० च्या वर १२०० लिहिलं. आकड्यांवरून एकेक बोट सरकवत खालपर्यंत आले.

"अकरा," ते म्हणाले. मग आईकडे वळले. "अगं, एकच वाढलं. सहाशे माणसं वाढली आणि पट्टी एकदाच जास्त!"

त्यांना ते खरं वाटेना. त्यांनी मला समोर बसवलं, खोकं माझ्याकडे सरकवलं, आणि मी एकेक नाव घेत गेलो. छोट्या गाडीची शिट्टी झाली तरी अण्णा पट्टी घालत होते आणि मोजत होते.