तिरुवोणमच्या शुभेच्छा, श्रीजा!

श्रीजा,

ओणाशंसकळ! तुला, अम्मांना, अच्छनना आणि चिमुकल्या आदूला. उच्चार तूच शिकवलायस, तेव्हा चुकला असेल तर दुपारी आल्यावर दुरुस्त कर.

हो, दुपारी येतेय. उद्या अनंत चतुर्दशी, पेठेतले रस्ते रात्रीपासून बंद व्हायला लागतील, म्हणून आजच. सकाळची आरती झाली की मंडईतून मेट्रोत बसते, थेट खडकी. येताना झेंडू आणि पांढरी शेवंती आणतेय. गणपतीत फुलांचे भाव काय असतात ते तुला ठाऊक आहे, पण अत्तमपासून रोज एकेक वेढा वाढवत आणलेलं तुमचं पूक्कळम आज शेवटच्या दिवशी फुलांवाचून अडायला नको. रचायचं मात्र तुम्हीच. मी पाकळ्या सोडून देईन.

एक गोष्ट बरीच वर्षं मनात आहे. कॉलेजात मी सगळ्यांना सांगायचे, "ओणम म्हणजे श्रीजाची दिवाळी." तू एकदा शांतपणे म्हणालीस, "दिवाळी नाही गं. ओणमच." तेव्हा नीट कळलं नव्हतं. आमची आजी पाडव्याला ओवाळताना म्हणायची, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." तुमच्याकडे तोच महाबली, मावेली, वर्षातून एकदा आपल्या माणसांना भेटायला येतो आणि त्याच्यासाठी दारात फुलं घालतात. आम्ही त्याचं राज्य यावं म्हणून मागणं मागतो, तुम्ही त्यालाच घरी बोलावता. राजा एकच, पण सण तुमचा, आणि त्याला त्याच्याच नावानं हाक मारायला हवी.

आणि ती ओणक्कोडी! बाबांची नोकरी गेली होती, त्या वर्षी घरात नवे कपडे कुणालाच नव्हते. अम्मांना मी काहीच सांगितलं नव्हतं. तरी तुझ्यासारखाच सोनेरी काठाचा सेट-मुंडू त्यांनी माझ्याही हातात ठेवला आणि म्हणाल्या, "घरातल्या मुलींना दोघींना सारखंच." तो अजून माझ्या कपाटात आहे. आज नेसून येतेय. निऱ्या तू घालून दे.

यंदा अम्मांसाठी कोडी माझ्याकडून. साधीच आहे, नारळी काठाची सुती साडी. मोठ्यांनी धाकट्यांना द्यायची असते हे मला माहीत आहे, तरी त्यांना आधीच सांगून ठेव, नाही म्हणायचं नाही.

सद्येला बसताना मला अम्मांच्या शेजारी जागा ठेव. अवियल दोनदा, इंजिपुळी थोडीशी, आणि अडप्रथमन संपायच्या आत मी पोचतेच. जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं, ते लक्षात आहे.

आईनं तळलेले मोदक डब्यात दिलेत. आदूला सांग, दोन त्याचे.

तुझी,
मनीषा