शुल्कवाढीच्या प्रस्तावातील चक्रीय युक्तिवादाबाबत हरकत

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
शुल्क निर्धारण समिती

विषय : 15 टक्के शुल्कवाढीच्या प्रस्तावावरील लेखी हरकत

महोदय,

प्रस्ताव आणि त्याची तिन्ही परिशिष्टे वाचली. शुल्क मुळीच वाढवू नये, असे माझे म्हणणे नाही. वेतनवाढ आणि देखभाल यांचा खर्च वाढणार आहे, तो कुठून तरी भागवावाच लागेल. माझी हरकत 15 हा आकडा ज्या वाटेने काढला आहे, त्या वाटेला आहे.

मुद्दा 3 म्हणतो, 'पुढील वर्षी तूट येणार असल्याने शुल्कवाढ अपरिहार्य आहे.' तूट कशामुळे येणार, हे पाहायला परिशिष्ट ब उघडावे, तर नवीन संगणक प्रयोगशाळेच्या बाबीपुढे शेरा आहे : 'वाढीव शुल्कातून निधी उपलब्ध होणार असल्याने मान्य.' म्हणजे खर्च वाढणार म्हणून फी वाढवायची आणि फी वाढणार म्हणून खर्च वाढवायचा. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात : दोन विधाने एकमेकांच्या खांद्यावर उभी आणि जमिनीवर पाय कोणाचाच नाही.

परिशिष्टातलेच प्रमाण घेऊन हिशेब मांडतो. चालू वर्षाचा खर्च 100 धरला, तर 92 शुल्कातून आणि 8 इतर मार्गांनी येतात. पुढील वर्षी वेतनवाढीचे 3 आणि देखभालीचे 2 मिळवले की खर्च 105 होतो. प्रयोगशाळेचे 9 धरून 114. इतर उत्पन्न 8 च राहिले तर शुल्कातून 106 यायला हवेत. 92 वरून 106, म्हणजे सुमारे 15.2 टक्के वाढ. प्रयोगशाळेची ओळ खोडली तर 97 पुरतात आणि वाढ सुमारे 5.4 टक्क्यांवर येते.

आता त्या ओळीत 9 ऐवजी 20 लिहून पाहावे. शुल्कातून 117 लागतील आणि 27 टक्क्यांची वाढ 'अपरिहार्य' ठरेल. मुद्दा 3 मधला एक शब्दही बदलावा लागणार नाही, शेराही तसाच चालेल. कोणताही आकडा घातला तरी जो युक्तिवाद तितकाच बरोबर वाटतो, तो कोणताच आकडा सिद्ध करत नाही.

प्रयोगशाळेची गरज नाही, असे यातून निघत नाही. ती गरज फीचा उल्लेख न करता दाखवता आली पाहिजे, इतकेच. सध्या किती संगणक चालू आहेत, प्रात्यक्षिकाच्या एका तुकडीत एका संगणकामागे किती विद्यार्थी बसतात, वेळापत्रकात किती तासिका यंत्रांअभावी रद्द होतात, हे तीन आकडे पुरेत. शिवाय उभारणीचा खर्च एकदाच होणार आणि वाढलेली फी मात्र दरवर्षी घेतली जाणार. दुसऱ्या वर्षी ते 9 कुठे जाणार, याबद्दल प्रस्तावात अक्षर नाही.

राखीव निधी शुल्क-उत्पन्नाच्या टक्केवारीत ठेवण्याला मात्र माझी हरकत नाही. तेथेही आकडे एकमेकांवर अवलंबून आहेत, पण टक्केवारी बाहेरून ठरलेली असल्याने समीकरण सुटते आणि उत्तर एकच येते. हिशेबातले प्रत्येक वर्तुळ दोष नसते.

मुद्दा 5 मध्ये हाच घोटाळा वेगळ्या रूपात आहे. महाविद्यालयाचा दर्जा उच्च म्हणून शुल्क उच्च असावे, असे तो म्हणतो. दर्जाचा पुरावा म्हणून परिशिष्ट क मध्ये काय आहे? नामांकित महाविद्यालयांच्या शुल्काचा तक्ता, त्यात आपले प्रस्तावित शुल्क त्यांच्या रांगेत. जे सिद्ध करायचे तेच पुरावा म्हणून पुढे केले आहे. हा साध्यसम हेत्वाभास.

मुद्दा 6 चक्रीय नाही, पण कच्चा आहे. मागची वाढ विद्यार्थ्यांनी स्वीकारली, असे तो म्हणतो, पण विचारणा प्रवेश घेतलेल्यांकडेच झाली. फी पाहून ज्यांनी अर्जच केला नाही ते त्या यादीत कसे असतील? विद्यार्थिसंख्या 4 टक्क्यांनी घटली, तर 15 टक्के वाढीनंतरही शुल्कातून 101.6 च येतील. 114 च्या खर्चात 4.4 ची तूट राहील आणि पुढच्या वर्षीच्या प्रस्तावाला मुद्दा 3 आयताच मिळेल.

तेव्हा समितीने मतदानापूर्वी पुढील गोष्टी मागवाव्यात, ही विनंती. पहिली, वाढीव शुल्क गृहीत न धरता केलेले अंदाजपत्रक. दुसरी, प्रयोगशाळेच्या गरजेचे स्वतंत्र टिपण, त्यात उभारणीचा आणि दरवर्षीचा खर्च वेगळा दाखवून. तिसरी, विद्यार्थिसंख्या स्थिर, 4 टक्के कमी आणि 8 टक्के कमी धरून केलेला हिशेब. परिशिष्ट क मधला तक्ता वगळला तरी चालेल.

वरील आकडेमोडीचा तक्ता सोबत जोडला आहे. सोमवारच्या बैठकीत तो समजावून सांगण्यासाठी दहा मिनिटे मिळाल्यास मी हजर राहीन.

आपला विश्वासू,
अधिव्याख्याता, तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान विभाग

सोबत : आकडेमोडीचा तक्ता (1 पान)