एल्बेकाठची वही

6 ऑक्टोबर 2024, ड्रेस्डेन

रविवारी इथं दुकानं उघडत नाहीत. आईचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती म्हणून निभावलं. होस्टेलच्या नळाचं पाणी थेट प्यायचं, गाळायचं नाही, उकळायचं नाही. ग्लास भरला आणि 2016 आठवलं. तेव्हा मी लातूरला मावशीकडं शिकायला होते. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मावशी भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घालायची. पाण्याचंच शिकायचं, हे मी तिथंच ठरवलं.

27 ऑक्टोबर

आज घड्याळं तासभर मागं गेली. आता घर साडेचार तास पुढं. अण्णा म्हणाले, "मग तासभर जास्त झोपायलीस की काय?" सोयाबीन विकलं. हमीभाव 4892, हातात आले चार हजारांच्या आसपास. माझ्या खात्यातून महिन्याला 992 युरो सुटतात, ते कर्ज काढून आधीच भरलेले. अण्णा त्याबद्दल कधीच बोलत नाहीत. मी मात्र हिशेब लिहून ठेवते.

30 डिसेंबर

वेळ अमावस्या. इथं नुकतं उजाडलेलं, तिकडं दुपारचा एक. भावानं फोन कडब्याच्या कोपीत नेला. आत पाच पांडव मांडलेले, पुढं आंबिलीचं मडकं. पत्रावळीवर भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा. आईनं उंडा मोडून फोनपुढं धरला, "खा गं माय." मागं काकू ओरडली, "नेटानं पोट भरतंय का तिचं!" फोन ठेवल्यावर रडले. मग डाळ शिजवली, चिंचेऐवजी लिंबू पिळलं.

14 फेब्रुवारी 2025

जलविज्ञानाचा पेपर झाला. बरा गेला.

8 जून

पिलनिट्झच्या राजवाड्यात गेलो होतो. नदीकडच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्यात, साल घालून. इथं 17 ऑगस्ट 2002 ला एल्बे 9.40 मीटरवर गेली होती. आमच्या तेरणेच्या पुराची उंची म्हातारी माणसं सांगतात, "मारुतीच्या पायरीला लागलं होतं." लिहून कुठंच नाही. मला हे फार लागलं.

23 सप्टेंबर

फोन लागत नव्हता. रात्री भावाचा आला. तेरणा बांध फोडून रानात शिरली. काढणीला आलेलं सोयाबीन गेलंच, नदीकडची माती खरडून खाली मुरूम उघडा पडलाय. मी विमानाचं तिकीट बघायलेय म्हटल्यावर अण्णांनी फोन घेतला. "तू येऊन माती भरणार हाईस का? शीक तिथंच."

भावाला लगेच सांगितलं, तलाठी पंचनाम्याला यायच्या आत सगळ्या रानाचे फोटो काढ, तारीख दिसू दे. जिथं माती गेली तिथं टेप लावून खोली मोज. आणि गोठ्याच्या भिंतीवर पाणी जिथवर चढलं होतं, तिथं ओल वाळायच्या आत खिळ्यानं रेघ मार, खाली आजची तारीख घाल.